धोका निश्चिती, लघु रसायन संयंत्रांतील

धोका निश्चिती, लघु रसायन संयंत्रांतील : कारखान्यात अपघात होण्यापूर्वीच त्याची संभाव्य कारणे शोधून त्यांची नोंद करण्याच्या रीतींस धोका निश्चितीच्या पद्धती म्हणतात. मोठ्या संयंत्रांत यासाठी ‘हॅझॉप’ ही पद्धत रूढ आहे. तीत प्रत्येक नळाच्या आराखड्यावर प्रवाह, दाब, तापमान इत्यादींतील प्रत्येक विचलन क्रमाने तपासतात. त्यासाठी नळ व उपकरणे यांचे अद्ययावत आराखडे, अनुभवी अध्यक्ष आणि अनेक दिवसांच्या बैठका लागतात. दहा-वीस कामगारांच्या कारखान्यात ही साधने बहुधा नसतात. घातक रसायनांचे साठवण व हाताळणीविषयीचे १९८९ चे केंद्रीय नियम साठ्याच्या मोठ्या मर्यादांवर आधारलेले होते. त्यामुळे लहान साठे असलेले कारखाने त्यांतील तपशीलवार सुरक्षा अहवालाच्या कक्षेबाहेर राहिले. साठा लहान म्हणून धोका लहान असतो, असे मात्र नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये झालेल्या प्राणघातक स्फोटांनी ते दाखवून दिले. अशा कारखान्यांना झेपतील अशा दोन पद्धती म्हणजे ‘तर काय?’ विश्लेषण आणि दोषप्रकार व परिणाम विश्लेषण या होत. पहिलीत घटनेपासून आरंभ होतो, तर दुसरीत उपकरणाच्या सुट्या भागापासून. दोन्ही एकाच वस्तूस लावल्या असता एकीतून सुटलेले दुसरीत कसे सापडते, हे पुढील उदाहरणावरून कळून येईल.

उदाहरणातील संयंत्र : सोलापूर-तुळजापूर मार्गावरील तामलवाडी (ता. तुळजापूर, जि. धाराशिव) येथे बालाजी अमाइन्स या कंपनीचा अमाइने तयार करणारा कारखाना आहे. अमाइने ही औषधे, कीटकनाशके, रबराची रसायने इत्यादींसाठी लागणारी कार्बनी संयुगे असून ती अमोनिया व अल्कोहॉल यांपासून बनवितात. ती विकत घेऊन वापरणारे कारखाने पुष्कळदा लहान असतात. असा एक कल्पित लहान कारखाना येथे विचारात घेतला आहे. तो डायमिथिल अमाइनाचा ४० टक्के जलीय विद्राव टँकरने आणतो आणि १५ घ. मी. धारकतेच्या पोलादी टाकीत साठवितो. शुद्ध डायमिथिल अमाइन सु. ७° से. तापमानास उकळते, म्हणजे सामान्य तापमानास ते वायुरूप असते. त्याची बाष्पे हवेपेक्षा जड, ज्वालाग्राही आणि डोळे व फुप्फुसे यांना दाहक असतात. हवेत त्यांचे प्रमाण सु. ३ ते १४ टक्के असल्यास ठिणगीने स्फोट होऊ शकतो. विद्रावातून ही बाष्पे सतत सुटत असतात व या भागातील उन्हाळ्यात ती अधिक सुटतात. बाष्पास जागा राहावी म्हणून टाकी ८५ टक्क्यांपर्यंतच, म्हणजे १२·७५ घ. मी. भरावयाची, असा नियम ठेवलेला आहे. टाकीला तरंगकाचा पातळीदर्शक असून माथ्यावरील श्वसननळ पाण्याच्या शोषकात सोडलेला आहे.

‘तर काय?’ विश्लेषण : या पद्धतीत चार-पाच जणांचा गट संयंत्रात टँकर येतो तेथपासून माल बाहेर पडतो तेथपर्यंत चालत जातो आणि प्रत्येक टप्प्यावर ‘असे झाले तर काय?’ हा प्रश्न विचारतो. गटात रसायनज्ञाबरोबरच प्रत्यक्ष टाकी भरणारा कामगार आणि दुरुस्ती करणारा फिटर यांचा समावेश अत्यावश्यक असतो. कारण नियमात काय लिहिले आहे हे पहिल्यास ठाऊक असते, तर रात्रपाळीत काय घडते हे इतर दोघांस. प्रत्येक प्रश्नापुढे परिणाम, आज असलेला बचाव, सुचविलेली सुधारणा, ती करणारी व्यक्ती व मुदत असे पाच रकाने भरतात. प्रश्न सुचला की आधी तो लिहून घ्यावयाचा व उत्तराची चर्चा मागाहून करावयाची, हा शिरस्ता पाळल्यास कोणाचा प्रश्न हास्यास्पद ठरून गळत नाही.

टँकर रिकामा करण्याच्या टप्प्यावरील एक प्रश्न असा : टाकीत वाटते त्यापेक्षा अधिक माल असला तर काय? टँकरमध्ये १० घ. मी. विद्राव आहे. पातळीदर्शक २ घ. मी. दाखवितो, तेव्हा बेरीज १२ घ. मी. होते व ती मर्यादेच्या आत बसते. परंतु आदल्या पाळीत २०० लि.ची वीस पिंपे टाकीत ओतली गेली आणि तरंगक २ घ. मी.वरच अडकून राहिला, असे समजू. मग टाकीत खरोखर ६ घ. मी. माल आहे व बेरीज १६ होते. पंप ताशी १० घ. मी. ओढत असल्यास सु. ४० मिनिटांत सुरक्षित मर्यादा ओलांडली जाते आणि ५४ मिनिटांनंतर विद्राव श्वसननळातून शोषकात शिरून तेथून जमिनीवर वाहू लागतो. उरलेल्या सहा मिनिटांत १ घ. मी., म्हणजे सु. ९०० किग्रॅ. विद्राव सांडतो; त्यात डायमिथिल अमाइन सु. ३६० किग्रॅ. असते. ‘आज असलेला बचाव’ या रकान्यात गट ‘पातळीदर्शक’ असे लिहू पाहतो. पण प्रश्नच मुळी तो बिघडल्याचा आहे. म्हणजे बचाव असा काहीच नाही, हे येथे उघड होते. सुधारणा म्हणून पातळी १२·७५ घ. मी.वर पोहोचताच पंप बंद करणारा स्वतंत्र पातळी-स्विच बसवावा, अशी शिफारस नोंदविली जाते.

दोषप्रकार व परिणाम विश्लेषण : ही पद्धत अमेरिकन सैन्याच्या १९४९ मधील एका कार्यपद्धतीतून पुढे आली व नंतर अवकाशयाने आणि मोटारी यांच्या निर्मितीत रुळली. तीत एकेक भाग घेऊन तो कोणकोणत्या प्रकारे निकामी होऊ शकतो, त्याचा परिणाम जागेवर व संपूर्ण यंत्रणेवर काय होतो आणि बिघाड वेळेत कसा कळतो, हे लिहितात. ‘पातळीदर्शक बिघडतो’ एवढे लिहून भागत नाही. तो अडकतो, खरे असेल त्यापेक्षा कमी दाखवितो किंवा जास्त दाखवितो, असे तीन वेगळे दोषप्रकार होत. जास्त दाखविल्यास टँकर थांबून राहील एवढेच. अडकल्यास किंवा कमी दाखविल्यास टाकी ओसंडेल.

प्रत्येक दोषप्रकारास तीव्रता, वारंवारता व लक्षात न येण्याची शक्यता यांसाठी १ ते १० असे तीन गुण देतात आणि त्यांच्या गुणाकारास धोका-अग्रक्रमांक म्हणतात. अडकलेल्या तरंगकास गट तीव्रतेसाठी ९, वारंवारतेसाठी ४ व लक्षात न येण्यासाठी ७ गुण देतो. अग्रक्रमांक २५२ येतो. तिसरा गुण कमी करण्याचा एक उपाय विनाखर्च आहे. टाकीचा व्यास २·५ मी. असल्यास ताशी १० घ. मी. या वेगाने पातळी पाच मिनिटांत सु. १७ सेंमी. चढली पाहिजे. ती चढलेली दिसली नाही तर पंप थांबवावयाचा, असा नियम करून पाच-पाच मिनिटांची नोंद ठेवल्यास तिसरा गुण २ वर व अग्रक्रमांक ७२ वर येतो.

यानंतर नव्या स्विचची ओळ भरावयाची. तरंगकाचा बिघाड काट्यावर दिसू शकतो. स्विचचा बिघाड मात्र त्याची गरज पडेपर्यंत दिसत नाही. अशा दोषास सुप्त दोष म्हणतात व ठराविक मुदतीने स्विच प्रत्यक्ष हलवून पंप थांबतो की नाही हे पाहणे, हाच तो ओळखण्याचा मार्ग होय.

दोन्हींची सांगड : या विश्लेषणात एका वेळी एकच भाग निकामी झाला असे धरतात. तरंगकाच्या ओळीत स्विच वाचवितो आणि स्विचच्या ओळीत तरंगक वाचवितो, म्हणून दोन्ही ओळी निर्धोक वाटतात. येथे पुन्हा ‘तर काय?’ हा प्रश्न उपयोगी पडतो : दोन्ही एकाच कारणाने बिघडली तर काय? अमाइने तांबे, जस्त व त्यांची पितळासारखी मिश्रधातू यांना खातात. पातळीदर्शकाचा मूळ भाग झिजल्यावर फिटरने बाजारात मिळणारा पितळी भाग बसविला आणि स्विचही पितळी घेतला, तर दोन बचाव कागदावरच दोन राहतात. हा प्रश्न सुचण्यासाठी फिटर बैठकीत असावा लागतो, आणि सुधारणा एका ओळीची असते : अमाइनाच्या संपर्कातील सर्व भाग पोलादाचे अथवा अगंज पोलादाचे घ्यावेत.

ही मांडणी केवळ कल्पनेतील नाही. इंग्लंडमधील बन्सफील्ड येथील इंधनसाठ्यात ११ डिसेंबर २००५ रोजी पेट्रोलच्या टाकीचा पातळीदर्शक अडकला. स्वतंत्र स्विचही चालला नाही. कारण त्याची चाचणीसाठीची तरफ योग्य स्थितीत रोखून ठेवणारे कुलूप लावलेले नव्हते. टाकी ओसंडून बाष्पांचा ढग पसरला आणि प्रचंड स्फोट झाला. तो पातळीदर्शक त्यापूर्वीच्या साडेतीन महिन्यांत १४ वेळा अडकला होता. वारंवारतेचा गुण आठवणीवर न देता दुरुस्तीच्या नोंदवहीवरून का द्यावा, हे यावरून लक्षात येते.

मर्यादा : अग्रक्रमांक हे मोजमाप नसून केवळ क्रम लावण्याचे साधन आहे. ९, २ व ४ यांचा गुणाकार ७२ येतो आणि ३, ६ व ४ यांचाही ७२ च येतो. परंतु पहिल्या दोषात माणूस दगावू शकतो, तर दुसऱ्यात पंपाची गळरोधक कडी बदलावी लागते. म्हणून तीव्रता ९ वा १० असलेला दोष अग्रक्रमांक कितीही लहान असला तरी आधी हाताळावा. मोटार उद्योगाने २०१९ च्या आपल्या संयुक्त पुस्तिकेत हा गुणाकार सोडून तीव्रतेला प्राधान्य देणारी कोष्टके स्वीकारली, ती याच कारणाने. ‘तर काय?’ विश्लेषणाची मर्यादा वेगळी आहे : जो प्रश्न कोणासही सुचला नाही, त्याची नोंद होत नाही, आणि यादी पूर्ण झाली की नाही, हे पद्धत स्वतः सांगत नाही. तसेच विक्रियापात्रातील उष्णता आवरेनाशी होऊन होणारे स्फोट या दोन्ही पद्धतींत सहसा सापडत नाहीत. तेथे विक्रियेची उष्णता मोजलेली असणे व हॅझॉप करणे आवश्यक ठरते. साठवण, टँकर रिकामा करणे, पंप व शोषक यांसाठी मात्र आधी संपूर्ण संयंत्राचे ‘तर काय?’ विश्लेषण करावे आणि बचाव म्हणून ज्या मोजक्या भागांवर भिस्त आढळेल, तेवढ्यांचेच दोषप्रकार तपासावेत. नवा भाग, नवे रसायन अथवा नवा पुरवठादार येताच त्या ओळी पुन्हा उघडाव्या लागतात. कारण पोलादी भागाच्या जागी पितळी भाग येतो तो बहुधा अशाच एखाद्या बदलातून.