रेघ मारली, ओळ राहिली

समजा, तुम्ही पुस्तकं विकणाऱ्या एका संकेतस्थळावरचं आपलं खातं बंद केलंत. दोन वर्षांनी पुन्हा पुस्तकं मागवावीशी वाटली, म्हणून त्याच ईमेलने नवं खातं उघडायला गेलात. पडद्यावर उत्तर आलं, ‘हा ईमेल आधीच वापरात आहे.’ ठीक आहे, मग जुन्याच खात्यात शिरू, असं म्हणून लॉगिन केलंत, तर तिथे उत्तर आलं, ‘असं खातं अस्तित्वात नाही.’ दोन्ही उत्तरं एकाच संगणकाची आणि आपापल्या जागी दोन्ही बरोबर!

हा घोळ कसा होतो ते कळायला आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. खातं बंद केलं म्हणजे त्याची नोंद पुसली जातेच असं नाही. त्या खात्याला जुनी बिलं आणि ऑर्डरी जोडलेल्या असतात. नोंद मुळातून उपटली तर ती बिलं कोणाची हेच कळणार नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी जुन्या मुनिमासारखं करतात. वहीतलं पान फाडायचं नाही, नावावर फक्त रेघ मारायची. याला ‘सॉफ्ट डिलीट’ म्हणतात. सभासदांच्या तक्त्यात deleted_at नावाचा एक रकाना असतो. खातं चालू असेल तोवर तो रिकामा, म्हणजे NULL असतो. खातं बंद झालं की त्यात तारीख पडते. लॉगिनचा कोड फक्त रकाना रिकामा असलेल्या ओळी पाहतो, म्हणून त्याला तुमचं खातं दिसत नाही.

पण त्याच तक्त्यावर दुसरा एक पहारेकरी बसलेला असतो, तो म्हणजे ‘एक ईमेल एकदाच’ हा डेटाबेसचा युनिक नियम. त्याला रेघेशी देणंघेणं नसतं. ओळ आहे ना, मग ईमेल घेतलेला आहे. नोंदणीचा कोडही रेघ मारलेल्या ओळी वगळून तपासत असेल तर आणखी गंमत होते. कोड म्हणतो ‘जागा मोकळी आहे’, डेटाबेस म्हणतो ‘नाही’ आणि ग्राहकाला ‘काहीतरी चुकलं’ एवढाच निरोप मिळतो. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये अशा वेळी 23505 हा क्रमांक दिसतो, मायएसक्यूएलमध्ये 1062.

यावर घाईघाईत सुचणारे दोन उपाय फसवे आहेत. पहिल्यात is_deleted असा 0 किंवा 1 चा रकाना ठेवतात आणि ईमेल व हा रकाना यांची जोडी युनिक करतात. 41 क्रमांकाची तुमची जुनी ओळ 1 वर असते, 907 क्रमांकाची नवी ओळ 0 वर येते. नोंदणी झाली, सगळे खूश. पण तुम्ही हेही खातं बंद करायला गेलात की 907 ला 1 व्हायचं असतं आणि ती जोडी 41 ने आधीच अडवलेली असते. आता खातं उघडतं, पण बंद होत नाही.

दुसरा उपाय म्हणजे ईमेल आणि deleted_at यांची जोडी युनिक करणं. हा जास्त धोक्याचा, कारण तो गुपचूप फसतो. डेटाबेसच्या लेखी NULL म्हणजे ‘माहीत नाही’, आणि दोन ‘माहीत नाही’ एकसारखे धरले जात नाहीत. त्यामुळे एकाच ईमेलची दोन चालू खाती सुखाने नांदू लागतात. ज्याच्यासाठी नियम केला तेच हातचं जातं.

नीट उपाय हा की नियम फक्त रेघ न मारलेल्या ओळींना लावायचा. पोस्टग्रेसमध्ये तो असा लिहितात:

```
CREATE UNIQUE INDEX users_email_live
ON users (email)
WHERE deleted_at IS NULL;
```

हा नवा नियम आधी बसवायचा आणि मगच जुना काढायचा, म्हणजे मधल्या वेळात दुहेरी खाती शिरत नाहीत. मायएसक्यूएलमध्ये अशी अट घालता येत नाही. तिथे खातं चालू असताना 1 आणि बंद झाल्यावर NULL दाखवणारा रकाना करून ईमेलसोबत त्याची जोडी युनिक करतात. मघाशी आडवा आलेला NULL चा स्वभाव इथे कामाला येतो. बंद ओळी कितीही असोत, त्या एकमेकींना अडवत नाहीत आणि चालू ओळ मात्र एकच राहते.

मग जुनी ओळच परत जिवंत का करू नये? कारण ईमेल तोच असला तरी माणूस तोच असेल असं नाही. कार्यालयाने दिलेला पत्ता नोकरी सोडल्यावर दुसऱ्याला मिळू शकतो. त्याने नवं खातं उघडल्यावर जुन्या मालकाचा घरचा पत्ता आणि त्याने घेतलेली पुस्तकं समोर आली, तर ती चूक तांत्रिक उरत नाही. म्हणून नव्या नोंदणीला नवी ओळ द्यावी. जुनं खातं परत हवंच असेल, तर त्याची वेगळी मागणी आणि वेगळी ओळखतपासणी असावी.

आपल्या संकेतस्थळावर हा दोष आहे का, ते पाहायला पाच मिनिटं पुरतात. एकाच ईमेलने खातं उघडा, बंद करा, पुन्हा उघडा, पुन्हा बंद करा. पहिल्या दोन पायऱ्या सगळेच तपासतात. दोष निघतो तो तिसरीवर किंवा चौथीवर.