कब्रस्तानात गेल्यावर काय म्हणावं? : कब्रींच्या भेटीची दुआ, तिचे शब्द, अर्थ आणि तिथले अदब



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुणानं आम्हाला थांबवून एक प्रश्न विचारला होता. त्याच्या वडिलांचं निधन होऊन काही महिने झाले होते. तो म्हणाला, "दर जुम्म्याला मी अब्बांच्या कब्रीवर जातो. फाटकावर पाटी आहे, तिच्यावरची दुआ वाचतो, आणि मग नुसता उभा राहतो. मी काय वाचलं हे मला कळत नाही. आणि त्यानंतर अब्बांशी बोलायचं, अब्बांकडे मागायचं की अल्लाहकडे मागायचं, हेही कळत नाही." प्रश्न साधा वाटतो, पण आपल्यापैकी पुष्कळांची अवस्था हीच आहे. म्हणून आजचा विषय एवढाच: ती दुआ, तिचे शब्द आणि त्या शब्दांतून निघणारे अदब.

ही दुआ कुठून आली?

सुरुवातीच्या काळात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी लोकांना कब्रींवर जायला मनाई केली होती. अज्ञानकाळात तिथे जाऊन आक्रोश करणं, छाती पिटणं, पूर्वजांच्या फुशारक्या मारणं चालायचं. ईमान रुजल्यावर त्यांनी ही मनाई उठवली आणि कारणही सांगितलं, की या भेटीमुळे परलोकाची आठवण होते. म्हणजे परवानगी हेतूसकट मिळाली.

आता शब्दांकडे या. आदरणीय आयेशा (रजि.) यांची एक प्रदीर्घ हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. एका रात्री प्रेषित (स.) हळूच उठले, दार न वाजवता बाहेर पडले. आयेशा (रजि.) मागोमाग निघाल्या. प्रेषित (स.) मदीनेच्या बकी कब्रस्तानात पोहोचले, बराच वेळ उभे राहिले आणि तीन वेळा हात उचलून दुआ केली. परत आल्यावर त्यांनी सांगितलं, की बकीवाल्यांसाठी क्षमा मागण्याचा हुकूम घेऊन जिब्रील (अलै.) आले होते. तेव्हा आयेशा (रजि.) यांनी विचारलं, मी त्यांच्यासाठी काय म्हणू? म्हणजे आपल्या त्या तरुणाचाच प्रश्न! आणि उत्तरात प्रेषित (स.) यांनी त्यांना दुआचे शब्द शिकवले.

बुरैदा (रजि.) यांच्या हदीसमध्येही असंच आहे. सहाबा कब्रस्तानाकडे निघाले की प्रेषित (स.) त्यांना शब्द शिकवत. तेच शब्द आज आपण घेऊ:

अस्सलामु अलैकुम अह्लद्-दियारि मिनल मूमिनीन वल मुस्लिमीन, व इन्ना इन्शा अल्लाहु ललाहिकून, अस्अलुल्लाह लना व लकुमुल आफियह.

अर्थ असा: या घरांत राहणाऱ्या ईमानवाल्यांनो आणि मुस्लिमांनो, तुमच्यावर सलामती असो. अल्लाहनं इच्छिलं तर आम्हीही तुम्हाला येऊन मिळणारच आहोत. मी अल्लाहकडे आमच्यासाठी आणि तुमच्यासाठी आफियत मागतो.

काही रिवायतींत "ललाहिकून"च्या आधी "बिकुम" म्हणजे "तुम्हाला" हा शब्द येतो, आणि काही ठिकाणी "अस्अलु" म्हणजे "मी मागतो" याऐवजी "नस्अलु" म्हणजे "आम्ही मागतो" असं येतं. आपल्याकडे पाट्यांवर पुष्कळदा तिर्मिजीतली दुआ असते, "अस्सलामु अलैकुम या अह्लल कुबूर" अशी सुरू होणारी. पाटी वेगळी दिसली म्हणून गोंधळू नका. सगळ्यांचा गाभा तोच आहे: सलाम, मग "आम्हीही येणार" याची कबुली, आणि अल्लाहकडे मागणं.

शब्दांत काय दडलंय?

पहिला शब्द "दियार". हे "दार"चं अनेकवचन, आणि अरबीत दार म्हणजे घर. कब्रस्तानातल्या लोकांना "घरवाले" म्हटलंय. कुणाच्या घरात आपण शिरतो तेव्हा सलाम करून शिरतो, चप्पल घालून त्याच्या बिछान्यावर पाय देत नाही, त्याच्या अंगणात आरडाओरडा करत नाही. या एका शब्दात कब्रस्तानाचे निम्मे अदब आलेत.

दुसरी गोष्ट "इन्शा अल्लाह". इथे एक शंका येते. मरण तर निश्चित आहे, मग "अल्लाहनं इच्छिलं तर" कशाला? इमाम नववी यांनी सहीह मुस्लिमच्या भाष्यात विद्वानांची उत्तरं नोंदवली आहेत. एक, हे शंकेचं वाक्य नाही; पुढच्या गोष्टीबद्दल बोलताना इन्शा अल्लाह म्हणण्याची जी शिकवण कुरआननं दिली, तिचं हे पालन आहे. दुसरं, मरण निश्चित असलं तरी याच जागी, याच लोकांच्या शेजारी जागा मिळेल हे निश्चित नाही. आणखी एक उत्तर असं, की वर "मूमिनीन" म्हटलंय, तेव्हा त्यांना मिळणं म्हणजे ईमानावर मरण येणं, आणि त्याची खात्री कुणाला आहे? हे शेवटचं उत्तर मनात ठेवून दुआ वाचून बघा. समोरचा माणूस परीक्षा देऊन मोकळा झालाय, आपली अजून चालू आहे.

तिसरी गोष्ट "लना व लकुम", आमच्यासाठी आणि तुमच्यासाठी. आफियत म्हणजे सुरक्षितपणा, त्रासातून सुटका. जिवंत माणसासाठी ती शरीराची आणि दीनची. मेलेल्यासाठी कब्रीच्या अजाबपासूनची. इथे त्या तरुणाच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. वाक्याची रचना पाहा. सलाम कब्रवाल्यांना आहे, "तुमच्यावर" म्हणून. पण मागणं सुरू झालं की "अस्अलुल्लाह", अल्लाहकडे मागतो. कब्रवाला इथे देणारा नाही, तोही आपल्यासारखाच घेणारा आहे. अब्बांना सलाम करा, त्यांच्यासाठी मागा. पण मागा अल्लाहकडे. आपण त्यांच्याकडे घ्यायला जात नाही, त्यांना काहीतरी द्यायला जातो, आणि ते म्हणजे दुआ.

वाचताना होणाऱ्या दोन चुका

घाईत वाचलं की पहिला शब्द "अस्सामु अलैकुम" असा होतो. मधला "ल" गेला. अरबीत "साम" म्हणजे मृत्यू! सलामती द्यायला गेलो आणि भलतंच बोलून आलो. म्हणून "अस्-स-ला-मु" असं सावकाश म्हणा.

दुसरी चूक "ललाहिकून"मध्ये. यातला पहिला "ल" ऱ्हस्व आहे आणि तो जोर देण्यासाठी आहे: "येऊन मिळणारच". तो लांबवून "ला लाहिकून" म्हटलं, तर "ला" म्हणजे नकार होतो, आणि अर्थ उलटा होतो: "मिळणार नाही". पहिला ल आखूड, दुसरा लांब, एवढं जिभेला वळण लावा. नकळत चूक झाली तर अल्लाह नियत जाणतो, पण शिकता येत असताना न शिकणं बरं नव्हे.

आता प्रत्यक्ष जाऊन पाहू

समजा आपण महाराष्ट्रातल्या एखाद्या कब्रस्तानात वडिलांच्या कब्रीकडे निघालोय. आत शिरताना सगळ्यांना मिळून सलाम, म्हणजे वरची दुआ. शेजारच्या अनोळखी कब्रींनाही तो पोहोचतो.

कब्रींमधून वाट काढताना पाय कब्रीवर पडू देऊ नका. वाट नसेल तर लांबून फेरा घ्या. तेही जमत नसेल तर लांबूनच दुआ करा, ती पोहोचवणारा अल्लाह आहे. कब्रीवर बसण्याबद्दल तर प्रेषित (स.) यांनी फार कडक शब्द वापरलेत: निखाऱ्यावर बसून कपडे जळून चामडीपर्यंत आग पोहोचणं त्यापेक्षा परवडलं. कब्रीच्या कठड्यावर टेकून गप्पा मारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. चपलांबद्दल मतभेद आहेत. एका माणसाला कब्रींमधून चपला घालून चालताना पाहून प्रेषित (स.) यांनी त्या काढायला सांगितल्याची हदीस आहे, तर दुसऱ्या हदीसमध्ये दफन करून परतणाऱ्यांच्या पादत्राणांचा आवाज मृताला ऐकू येतो असा उल्लेख आहे. म्हणून काही विद्वान चपला काढायला सांगतात, पुष्कळ जण हरकत नाही म्हणतात. काटे, काच, चिखल असेल तर घालून चाला. त्यावरून कुणाशी वाद घालू नका.

आता उभं कुठे राहायचं? आपल्याकडे किब्ला पश्चिमेला. मृताला उजव्या कुशीवर, डोकं उत्तरेला आणि तोंड पश्चिमेला करून ठेवतात. म्हणजे आपण कब्रीच्या पश्चिमेला, पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलो, की त्यांच्या चेहऱ्यासमोर येतो, जसं जिवंतपणी समोर उभं राहून सलाम करायचो. तिर्मिजीच्या हदीसमध्ये प्रेषित (स.) यांनी कब्रींकडे तोंड करून सलाम केल्याचं आहे. हनफी ग्रंथांत पायांच्या बाजूनं यावं असंही सांगितलंय. सलाम झाला, आता हात उचलून दुआ करायची असेल तर किब्लाकडे वळणं चांगलं, म्हणजे कब्रीकडे हात पसरल्यासारखं दिसत नाही. पुढची दुआ मराठीत, उर्दूत, कोकणीत, कुठल्याही भाषेत करा: या अल्लाह, माझ्या अब्बांना माफ कर, त्यांची कब्र प्रशस्त कर.

कब्रीजवळ कुरआनपठण, ठरावीक दिवस, अशा गोष्टींत आपल्याकडच्या हनफी आणि कोकणातल्या शाफई मंडळींच्या प्रथा वेगवेगळ्या असतील. बहिणींनी जाण्याबद्दलही मतभेद आहेत. वारंवार कब्रींवर जाणाऱ्या स्त्रियांबद्दल ताकीद असलेली हदीस आहे, आणि दुसरीकडे आयेशा (रजि.) स्वतः आपले भाऊ अब्दुर्रहमान (रजि.) यांच्या कब्रीवर गेल्याचंही हदीसमध्ये आहे, आणि दुआ तर त्यांनाच शिकवली गेली. म्हणून बऱ्याच विद्वानांनी आक्रोश नसेल तर परवानगी दिली आहे. ज्याला ज्या आलिमवर भरवसा आहे, त्याला विचारावं.

रडू आलं तर? रडा. डोळ्यांतल्या पाण्याला मनाई नाही. मनाई आहे ती किंचाळण्याला, कपडे फाडण्याला, "अल्लाहनं असं का केलं" म्हणण्याला.

त्या तरुणाला आम्ही एवढंच सांगितलं होतं: पुढच्या जुम्म्याला जाशील तेव्हा "ललाहिकून"वर क्षणभर थांब. फाटकातून बाहेर पडताना मग त्याचं उत्तर स्वतःलाच दे, की येऊन मिळणार तर आहोतच, येताना बरोबर काय आणणार आहोत?

अल्लाह आपल्या सगळ्या मरहूमांना माफ करो आणि आपल्याला ईमानावर मरण देवो. आमीन.