डीओ चार वाजेपर्यंत हवा

न्हावा शेव्याला कस्टम क्लिअरन्सच्या ऑफिसात सकाळी पहिला मेल उघडला की त्यावर 'अर्जंट' लिहिलेलं असतंच. दुसऱ्यावरही असतं. दुपारपर्यंत तो शब्द डोळ्यांना दिसेनासा होतो. आमच्या बाजूला ही गत, तर शिपिंग लाइनच्या इम्पोर्ट डेस्कवर बसलेल्या माणसाची काय होत असेल? आमच्यासारख्या कित्येक ऑफिसांचे मेल त्याच्या एकाच इनबॉक्समध्ये पडतात, आणि प्रत्येकाला डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे डीओ, आत्ता हवा असतो.

गेली अनेक वर्षं मी हे मेल लिहिते आणि नव्या मुलांचे तपासते. बहुतेक वेळा काम अडतं ते विषयाच्या ओळीत आणि पहिल्या वाक्यात. त्याखालचं कोणी वाचेल की नाही, हे तिथेच ठरतं. एका गुरुवारचा मेल सांगते. मेल इंग्रजीत होता. मी त्याचं मराठी करून देते आहे आणि बीएलचा क्रमांक नमुन्याचा आहे.

तळोज्याच्या एका कारखान्याचा चाळीस फुटी कंटेनर सीएफएसमध्ये पडून होता. कस्टमचं आउट ऑफ चार्ज झालं होतं. लाइनचे पैसे त्या दिवशी सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी भरले होते, ओरिजिनल बीएल आदल्या दिवशीच जमा केलं होतं. राहिला होता फक्त डीओ. ऑफिसात नवीनच लागलेल्या मुलाने साडेबाराला मेल टाकला. विषयात सगळी कॅपिटल अक्षरं: 'अर्जंट!!! अर्जंट!!! डीओ नॉट रिसीव्ह्ड'. पहिलं वाक्य: 'सकाळपासून तीनदा फोन करूनही तुमच्याकडून काहीही प्रतिसाद नाही, कृपया ताबडतोब डीओ द्यावा.' खाली कंटेनर क्रमांक होता. बीएल क्रमांक नव्हता.

तासाभराने उत्तर आलं: 'कोणतं बीएल?'

विषयाची ओळ फसली हे ओळखायची खूण हीच. उत्तरात प्रश्न आला, तर आपल्या मेलने समोरच्याचं काम कमी न करता वाढवलेलं असतं. डीओ बीएलवर निघतो, त्यामुळे डेस्कवरच्या माणसाला आधी बीएल शोधावं लागणार. आणखी एक गोष्ट त्या मुलाच्या लक्षात आली नव्हती. इंग्रजी कॅपिटलमध्ये डीओची दोन अक्षरं लिहून पुढे 'नॉट' लिहिलं, की घाईत नजर ते 'डू नॉट' असं वाचते. म्हणजे विनंतीची सुरुवातच मनाई केल्यासारखी.

मुलगा उद्धट मुळीच नव्हता. हाच मुलगा त्याच माणसाशी फोनवर बोलतो तेव्हा म्हणतो, 'साहेब, जरा तेवढं डीओचं बघा ना.' आपली सगळी अदब त्या 'जरा', 'तेवढं' आणि 'ना'मध्ये असते. मेल लिहिताना हे तिन्ही शब्द गळतात, कारण त्यांना इंग्रजीत जागाच नाही. मागे उरतो तो नुसता हुकूम. मग त्याच्या पुढे 'काइंडली' लावलं, तरी तो हुकूमच राहतो. 'कृपया ताबडतोब द्यावा' यातला 'कृपया' कोणाच्याही कानाला लागत नाही. लागतो तो 'ताबडतोब'.

मी त्याला शेजारी बसवलं आणि विचारलं, "तुला डीओ कधीपर्यंत हवाय?"

"आत्ता, मॅडम. आजच फ्री टाइम संपतोय ना."

आज नव्हता संपत. उद्या, शुक्रवारी रात्री संपत होता. शिवाय नुसता कंटेनर सीएफएसमधून बाहेर काढला की मोजणी थांबत नाही. लाइनचं डिटेन्शन मोजलं जातं ते रिकामा डबा त्यांच्या यार्डात परत पोचेपर्यंत. म्हणून खरी वेळ शेवटाकडून मागे मोजावी लागते. शुक्रवारी रात्रीपर्यंत रिकामा डबा यार्डात पोचायला हवा. म्हणजे शुक्रवारी दिवसा तळोज्यात माल उतरला पाहिजे, आणि त्यासाठी कंटेनर गुरुवारी संध्याकाळीच सीएफएसमधून निघाला पाहिजे. सीएफएसचं बिल, गेटपास आणि ट्रेलरवर डबा चढवणं याला आमच्या अनुभवाने दोन-अडीच तास जातात, आणि त्या सीएफएसचा बिलाचा काउंटर सहाला बंद होतो. म्हणजे डीओ चारला हातात हवा. 'आत्ता' असं काही नव्हतंच. होते ते दुपारचे चार.

हे गणित कागदावर मांडल्यावर मेल बदलायला सुरुवात झाली. त्याचा दुसरा मसुदा उलट्या टोकाला गेला. रागावले असतील या भीतीने त्याने विषयात लिहिलं, 'नम्र विनंती - डीओबाबत', आणि पहिलं वाक्य, 'आपण कुशल असाल अशी आशा आहे. आपल्या सवडीने खालील विषयात लक्ष घालावे.' असा मेल ज्याला जाईल तो खरंच सवडीनेच बघेल. त्यात वेळ नाही, बीएल नाही, पैसे भरल्याचं कळत नाही. मला हा मसुदा पहिल्याइतकाच चुकीचा वाटतो. सभ्यपणापायी निकड लपवली, तर समोरच्याला मदत करायची संधीच मिळत नाही, आणि सहाला फोन करून आरडाओरडा करायची वेळ येते.

तिसऱ्या मसुद्यात विषयाची ओळ अशी झाली: 'डीओ आज ४ पर्यंत - बीएल NSA417731 - पैसे भरले'.

यातला प्रत्येक तुकडा जागेवर आहे. मोबाइलच्या पडद्यावर विषयाची साधारण तीस-चाळीस अक्षरंच दिसतात, म्हणून मागणी आणि वेळ अगदी सुरुवातीला. त्यानंतर बीएल, ज्यावरून त्याला शोधायचं आहे. शेवटी 'पैसे भरले', कारण डेस्कवरच्या माणसाच्या मनात येणारा पहिला प्रश्न तोच असतो, आणि उत्तर विषयातच मिळालं तर हा मेल हातासरशी निपटता येईल असा दिसतो. 'अर्जंट' शब्द कुठेही नाही. 'आज ४ पर्यंत' म्हटल्यावर त्याची गरज उरत नाही. शिवाय 'अर्जंट' हे आपलं मत असतं, चार वाजणं ही दोघांनाही सारखी दिसणारी गोष्ट असते.

पहिलं वाक्य: 'बीएल NSA417731 चा डीओ तुमच्या डेस्ककडून आज दुपारी ४ पर्यंत मिळू शकेल का? तो मिळाला तर कंटेनर आज संध्याकाळी निघेल आणि रिकामा डबा उद्या फ्री टाइममध्ये तुमच्या यार्डात परत येईल.' त्याखाली एक ओळ: पैसे ११.२० ला भरले, यूटीआर क्रमांक आणि पावती सोबत. ओरिजिनल बीएल काल जमा.

इथे मी दोन ठिकाणी बराच वेळ थांबले. पहिलं ठिकाण कर्त्याचं. आधीच्या मेलमध्ये वाक्याच्या मध्यभागी 'तुमच्याकडून काहीही प्रतिसाद नाही' असं होतं, म्हणजे दोष थेट माणसावर. मराठीत आपल्याला सोय आहे: 'तुम्ही डीओ दिला नाही' ऐवजी 'डीओ अजून पोचला नाही' म्हणता येतं, आणि दोष कागदावर सरकतो. इंग्रजीतही ते करता येतं. मात्र ही सोय मागणीच्या वाक्यात वापरायची नाही. 'डीओ देण्यात यावा' असं लिहिलं की तो कोणी द्यायचा हे कळत नाही आणि मेल एकाकडून दुसऱ्याकडे ढकलला जातो. म्हणून अडचण सांगताना कागद पुढे करायचा, मागणी करताना डेस्कचं नाव घ्यायचं.

दुसरं ठिकाण कारणाचं. मुलाला लिहायचं होतं, 'अन्यथा डिटेन्शनची जबाबदारी तुमची राहील.' ही धमकी पहिल्या वाक्यात आली की पुढचा माणूस डीओ काढण्याऐवजी आपला बचाव लिहायला बसतो, किंवा मेल साहेबांकडे पाठवून मोकळा होतो. दोन्हीत तास जातो. त्याऐवजी चारपर्यंत डीओ मिळाला तर पुढे काय होईल एवढंच सांगितलं. रिकामा डबा वेळेत परत येणं लाइनलाही हवंच असतं. उशिराबद्दल तक्रार करायची असेल तर ती जरूर करावी, पण वेगळ्या मेलमध्ये, डबा परत गेल्यावर, तारखा-वेळांसह.

आता आठवणीच्या मेलचं. तीन वाजेपर्यंत काही आलं नाही तर बरेचजण तोच मेल पुन्हा पाठवतात, वर 'रिमाइंडर २' लिहून. त्याने आवाज वाढतो, माहिती वाढत नाही. बदललेली गोष्ट काय ते लिहावं: 'डीओ - १ तास बाकी - बीएल NSA417731', आणि पहिलं वाक्य, 'ट्रेलर सीएफएसच्या गेटवर उभा आहे, डीओमध्ये आमच्याकडून काही राहिलं असेल तर कळवा, लगेच देतो.' या वाक्याने समोरच्याला अडचण बोलून दाखवायला वाट मिळते. अनेकदा खरंच काहीतरी राहिलेलं असतं. जीएसटी क्रमांक जुळत नाही, किंवा पैसे दुसऱ्याच बीएलवर जमा झालेले असतात.

एक तांत्रिक बारकावा. जीमेलमध्ये विषय बदलला की नवीन साखळी सुरू होते आणि आधीचा पत्रव्यवहार तिच्यात दिसत नाही. म्हणून विषय बदलला तरी बीएल क्रमांक तोच आणि तसाच ठेवायचा, मध्ये रेघ किंवा जागा न घालता. शोधलं तर दोन्ही मेल एकत्र सापडतात. साहेबांना सीसीमध्ये घ्यावं लागलं, तर ते गुपचूप करू नये. 'वेळ कमी असल्याने मॅनेजरसाहेबांनाही ठेवलं आहे' एवढं एक वाक्य लिहिलं, तर ते चुगलीसारखं वाटत नाही.

आणि अर्धा तासच उरला असेल, तर मेलवर भरवसा ठेवू नये. फोन करावा, तिथे आपलं 'जरा तेवढं बघा ना' चालतं, आणि फोननंतर त्याच विषयाच्या ओळीने दोन वाक्यांचा मेल टाकावा, म्हणजे नोंद राहते.

चार उलटून गेले तर? मग 'डीओ आज ४ पर्यंत' ही ओळ निकामी झाली, तीच रेटत राहणं म्हणजे समोरच्याला टोचत राहणं. मागणीच बदलते: 'फ्री टाइम १ दिवस वाढवून मिळावा - बीएल NSA417731', आणि पहिल्या वाक्यात पैसे भरल्याची वेळ, डीओ मिळाल्याची वेळ आणि सीएफएसचा काउंटर बंद झाल्याची वेळ, या तीनच गोष्टी, कोणाचं नाव न घेता. वाढ द्यायची की नाही हे ज्याच्या हातात आहे, त्याला वर मंजुरी मागताना तेच वाक्य उचलून पुढे पाठवता आलं पाहिजे.

त्या गुरुवारी हा मेल लिहावा लागला नाही. तिसरा मसुदा दोनला दहा मिनिटं कमी असताना गेला. डीओ सव्वातीनला आला, सोबत एक ओळ: 'यूटीआर आधी नव्हता, म्हणून पेमेंट सापडत नव्हतं.' मुलाने ती दोनदा वाचली आणि आभाराचा मेल स्वतःच लिहायला घेतला. विषयात त्याने सगळ्यात आधी बीएल क्रमांक टाकला.