कॉफी मशीनची टाकी बुळबुळीत झालीय?
मैत्रिणींनो, ड्रिप कॉफी मशीनमध्ये पाणी तर तापतं, मग टाकीत बुरशी कशी? अहो, तापते ती खालची नळी; टाकीतलं पाणी गारच राहतं. ते तसंच साचलं, की कडेला बुळबुळीत थर धरतो.

हा थर आधी साबणाच्या पाण्याने घासून काढावा. मग लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व (किंवा दोन भाग पाण्यात एक भाग व्हिनेगर) घालून, कॉफीविना मशीन चालवावे. निम्मं पाणी उतरताच बंद करून अर्धा तास थांबा, मग उरलेलं उतरवा. नंतर दोन-तीनदा साधं पाणी सोडा. यात ब्लीच मुळीच मिसळू नका, विषारी वायू होतो.

आंबटाने नळीतले क्षार जातात. बुरशी टाळायला मात्र रोज टाकी रिकामी करून झाकण उघडं ठेवायचं, बरं का!