दुबईच्या मेडिकल कार्डावर पैसे कधी मिळतात, कधी नाही? को-पेमेंट, नेटवर्क हॉस्पिटल आणि जुना आजार समजून घ्या

खेड, दापोली, चिपळूण, मंडणगड या तालुक्यांत घरटी नाही तरी वाडीगणिक एक-दोन जण गल्फला आहेत. त्यांच्या आजारपणाचा फोन आला की घरातून पहिला प्रश्न विचारला जातो, "अरे, कंपनीचं मेडिकल कार्ड आहे ना?" कार्ड असतं. तरीही कधी कधी हॉस्पिटलचं पूर्ण बिल स्वतःच्या खिशातून भरावं लागतं आणि गावाकडे पैशाची जमवाजमव सुरू होते.

यामागे बहुतेक वेळा पॉलिसीतले तीन शब्द असतात: नेटवर्क हॉस्पिटल, पूर्वीपासूनचा आजार आणि को-पेमेंट. दुबईतल्या कमी पगाराच्या कामगारांना मिळणारी बेसिक पॉलिसी घेऊन हे तिन्ही शब्द पाहू.

आधी ही पॉलिसी कोणती ते पाहू

दुबईत २०१३ च्या ११ क्रमांकाच्या कायद्याने कामगाराचा आरोग्य विमा काढणं मालकावर बंधनकारक केलं आहे. महिना ४,००० दिरहमपर्यंत पगार असलेल्यांसाठी किमान सोयींची एक ठरलेली पॉलिसी आहे. तिला 'इसेन्शियल बेनिफिट्स प्लॅन' म्हणतात. वर्षाला १,५०,००० दिरहमपर्यंतचा खर्च तिच्यात बसतो. तिचा हप्ता मालकाने भरायचा असतो, कामगाराच्या पगारातून कापायचा नसतो.

ड्रायव्हर, हेल्पर, सुपरमार्केटचा सेल्समन, हॉटेलचा कुक अशा लोकांकडे साधारण हीच पॉलिसी असते. पगार जास्त असेल तर कंपनी मोठी पॉलिसी देते. तिथे आकडे बदलतात, पण शब्दांचा अर्थ तोच राहतो.

आता समजा, खेड तालुक्यातला ४२ वर्षांचा एक ड्रायव्हर १ मार्चला दुबईतल्या कंपनीच्या पॉलिसीत आला. त्याला चार वर्षांपासून शुगर आहे आणि गोळ्या चालू आहेत. त्याच्यासोबत एकेक पायरी चालू.

पहिली पायरी : दार कोणतं? नेटवर्क हॉस्पिटल

विमा कंपनीने काही ठरावीक दवाखाने, हॉस्पिटलं, लॅब आणि मेडिकल दुकानांशी करार केलेला असतो. या यादीला नेटवर्क म्हणतात. यादीतल्या ठिकाणी कार्ड दाखवलं की बिल थेट विमा कंपनीकडे जातं आणि आपण फक्त आपला वाटा भरतो.

एकाच विमा कंपनीची तीन-चार वेगवेगळी नेटवर्क असतात, इथे अनेकांची फसगत होते. मोठ्या पॉलिसीच्या नेटवर्कमध्ये मोठी हॉस्पिटलं असतात. बेसिक पॉलिसीचं नेटवर्क लहान असतं, त्यात साधे दवाखाने जास्त. त्यामुळे रिसेप्शनवर "तुमच्याकडे अमुक कंपनीचा इन्शुरन्स चालतो का?" एवढंच विचारलं तर उत्तर "हो" येईल आणि तरीही आपलं कार्ड तिथे चालणार नाही. कार्डावर कंपनीच्या नावाशिवाय नेटवर्कचं नावही छापलेलं असतं. ते दाखवून विचारायचं, "या कार्डाचं बिल तुम्ही थेट कंपनीकडे पाठवता का?"

दुसरी गोष्ट म्हणजे क्रम. बेसिक पॉलिसीत आधी साध्या डॉक्टरकडे, म्हणजे जीपीकडे, जावं लागतं. हाडाचा, हृदयाचा किंवा कानाचा स्पेशालिस्ट हवा असेल तर जीपीची चिठ्ठी लागते. चिठ्ठी न घेता थेट स्पेशालिस्टकडे गेलं तर हॉस्पिटल नेटवर्कमधलं असूनही बिल अडकतं. ॲडमिट व्हायचं असेल किंवा मोठी तपासणी करायची असेल तर हॉस्पिटल आधी कंपनीकडून मंजुरी मागवतं. ती आली का, हे आपणही विचारून घ्यायचं.

जिवावर बेतलं असेल तर मात्र यादी शोधत बसू नये. छातीत दुखलं, अपघात झाला, माणूस बेशुद्ध पडला तर जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्यायचं. तिथे ॲम्ब्युलन्सचा नंबर ९९८ आहे. खरी इमर्जन्सी असेल तर नेटवर्कबाहेरचा तातडीचा उपचारही पॉलिसीत धरला जातो. पण माणूस स्थिरावल्यावर पुढचे उपचार नेटवर्कमध्ये घ्यावे लागतात, म्हणून विमा कंपनीला लगेच कळवायला हवं.

दुसरी पायरी : आजार कधीचा? पूर्वीपासूनचा आजार

पॉलिसी सुरू होण्याआधीपासून असलेला आजार म्हणजे पूर्वीपासूनचा आजार, म्हणजेच 'प्री-एक्झिस्टिंग कंडिशन'. शुगर, बीपी, दमा, थायरॉईड, किडनी स्टोन, जुनं ऑपरेशन हे सगळं यात येतं.

दुबईच्या बेसिक पॉलिसीत अशा आजारांसाठी पहिले सहा महिने थांबावं लागतं. ही अट तिथल्या विमा योजनेत पहिल्यांदा येणाऱ्यालाच असते. आपला ड्रायव्हर १ मार्चला पॉलिसीत आला, म्हणजे ऑगस्टअखेरपर्यंत शुगरची तपासणी आणि गोळ्या त्याच्या खर्चाने. १ सप्टेंबरपासून त्या पॉलिसीत धरल्या जातील. मधल्या काळात शुगर अचानक वाढून जीव धोक्यात आला, तर तो तातडीचा उपचार या अटीत अडकत नाही. आणि साधा ताप, जुलाब किंवा हाताला लागलं, तर पहिल्या दिवसापासून कार्ड चालतं, कारण ते जुने आजार नव्हेत.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. फॉर्म भरताना आजार सांगायचा की लपवायचा? आपल्याकडे अनेक जण लपवतात, कारण "मेडिकलमध्ये अनफिट करतील" अशी भीती असते. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. व्हिसाची मेडिकल तपासणी टीबी, एचआयव्ही यांसारख्या संसर्गजन्य आजारांसाठी असते. विम्याचा आरोग्य फॉर्म हे वेगळं प्रकरण आहे. त्यात शुगर लिहिली तर फार तर सहा महिने थांबावं लागतं. लपवली आणि पुढे डॉक्टरच्या कागदावर "चार वर्षांपासून मधुमेह" असं आलं, तर कंपनी क्लेम नाकारू शकते. डॉक्टर ही नोंद करतोच, कारण "शुगर कधीपासून आहे?" हा त्याचा पहिला प्रश्न असतो आणि आपण खरं उत्तर देतो.

कधी कधी हा फॉर्म कंपनीचा पीआरओ किंवा एजंटच भरतो आणि सगळीकडे "नाही" लिहून टाकतो. म्हणून सही करण्याआधी फॉर्म वाचून घ्या आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून घरी पाठवून ठेवा.

नोकरी बदलली तर जुन्या विमा कंपनीकडून 'सर्टिफिकेट ऑफ कंटिन्युइटी' मागून घ्यावं. विमा आधीपासून चालू होता याचा तो पुरावा असतो. तो नसेल तर नवी कंपनी पुन्हा सहा महिने मोजायला लागू शकते.

तिसरी पायरी : आपला वाटा किती? को-पेमेंट

दार बरोबर आहे आणि आजार पॉलिसीत बसतो, असं ठरल्यावर को-पेमेंटचा हिशोब येतो. को-पेमेंट म्हणजे बिलातला आपला ठरलेला वाटा. दुबईच्या बेसिक पॉलिसीत दवाखान्याच्या भेटीला आणि तपासणीला २० टक्के, औषधांना ३० टक्के. त्याच आजारासाठी सात दिवसांच्या आत पुन्हा डॉक्टरला दाखवलं तर त्या भेटीचं को-पेमेंट लागत नाही.

ड्रायव्हरला ताप आला. समजा डॉक्टरची फी १००, रक्ततपासणी १५० आणि औषधं १२० दिरहम. एकूण ३७०. त्याचा वाटा २० अधिक ३० अधिक ३६, म्हणजे ८६ दिरहम. बाकीचे २८४ विमा कंपनी भरते.

ॲडमिट झाल्यावरही वाटा २० टक्केच आहे, पण त्याला वरून टोपी घातली आहे. एका वेळेला जास्तीत जास्त ५०० दिरहम आणि वर्षभरात मिळून जास्तीत जास्त १,०००. समजा ऑक्टोबरमध्ये त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि बिल १२,००० दिरहम आलं. २० टक्क्यांनी २,४०० होतात, पण त्याने भरायचे फक्त ५००. त्याच पॉलिसी वर्षात पुन्हा ८,००० चं बिल आलं तर १,६०० ऐवजी पुन्हा ५००. तिसऱ्यांदा ॲडमिट झाला तर काहीच नाही, कारण वर्षाचे १,००० पूर्ण झाले.

म्हणजे ॲडमिट असताना कोणी २,४०० मागितले तर "पॉलिसीत ५०० ची मर्यादा आहे ना?" असं विचारायचा त्याला हक्क आहे. उलट, इमर्जन्सी नसताना तोच माणूस ओळखीच्याच्या सांगण्यावरून नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलात गेला असता, तर ५०० ची ही टोपी कामाला आली नसती आणि पूर्ण १२,००० त्याच्या अंगावर आले असते. दिरहमचा भाव २३ रुपये धरला तर एकीकडे साडेअकरा हजार रुपये आणि दुसरीकडे पावणेतीन लाखांच्या वर.

शारजा, अजमानचा व्हिसा असेल तर

व्हिसा कुठल्या अमिरातीचा आहे यावर नियम ठरतो, खोली कुठे आहे यावर नाही. शारजा, अजमान, उम्म अल क्वैन, रास अल खैमा आणि फुजैरा इथल्या खासगी कामगारांसाठी १ जानेवारी २०२५ पासून वेगळी बेसिक पॉलिसी सुरू झाली. वर्षाचा हप्ता ३२० दिरहमपासून आहे. तिच्यात जुन्या आजारांसाठी थांबावं लागत नाही. दवाखान्याच्या भेटीला वाटा २५ टक्के, पण एका वेळेला १०० दिरहमच्या वर नाही.

बिल नाकारलं तर

आधी कारण लेखी मागा. "नेटवर्क नाही", "मंजुरी नाही", "जुना आजार" यांपैकी नेमकं काय, हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मंजुरीचा कागद राहिला असेल तर हॉस्पिटल तो पुन्हा पाठवू शकतं. विमा कंपनीने दाद दिली नाही, तर दुबईत दुबई हेल्थ ऑथॉरिटीकडे iPROMeS या ऑनलाइन यंत्रणेत तक्रार करता येते. त्यासाठी कार्ड, बिल, डॉक्टरचा रिपोर्ट आणि नकाराचं पत्र लागतं.

आणखी एक. या बेसिक कार्डाच्या भरवशावर सुट्टीला आल्यावर गावाकडे ऑपरेशन करायचं ठरवू नका. कार्ड कुठल्या भागात चालतं ते पॉलिसीच्या कागदावर लिहिलेलं असतं.

आज रात्री फोन आला की घरच्यांनी एवढं करावं. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा आणि बेनिफिट टेबलच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागून घ्या. पॉलिसी कुठल्या तारखेला सुरू झाली ते लिहून ठेवा. आणि सरळ विचारा, "फॉर्मवर शुगर लिहिली होतीस का?"