पंचेचाळीस सेकंदांत किती हिशेब होतो?

कॉलेजच्या कॉमर्स क्लबने क्विझची रात्र ठरवली की पहिली चर्चा होते ती बजर, बॅनर आणि बक्षिसांची. प्रश्न गोळा होतात शेवटच्या दोन दिवसांत आणि वेळ सरसकट ठरते: प्रत्येक प्रश्नाला तीस सेकंद. सामान्यज्ञानाच्या क्विझला हे चालून जातं. अकाउंटन्सी, फायनान्स आणि टॅक्सेशन अशा तीन फेऱ्या असतील तर मात्र चालत नाही, कारण काही उत्तरं आठवायची असतात आणि काही काढायची असतात. घड्याळ लावायचं तर आधी हा भेद पाहायला हवा.

‘सेन्सेक्ससाठी आधारवर्ष कोणतं?’ याचं उत्तर 1978-79. ते येतं किंवा येत नाही. आणखी एक मिनिट दिल्याने फरक पडत नाही. त्याला वीस सेकंद पुष्कळ. याउलट हा प्रश्न पाहा: एक लाखाचं यंत्र, घटत्या शिल्लक पद्धतीने, म्हणजे मुलं ज्याला डब्ल्यूडीव्ही म्हणतात त्या पद्धतीने, दहा टक्के घसारा, तिसऱ्या वर्षाचा घसारा किती? दहा हजार, नऊ हजार, मग आठ हजार शंभर. कॅल्क्युलेटरशिवाय हे पंचेचाळीस सेकंदांत जमतं. आता त्यात एवढंच घाला की यंत्र 1 ऑक्टोबरला घेतलं आणि वर्ष 31 मार्चला संपतं. पहिल्या वर्षी सहाच महिन्यांचे पाच हजार, दुसऱ्या वर्षी पंच्याण्णव हजारांवर साडेनऊ हजार, तिसऱ्या वर्षी साडेपंच्याऐंशी हजारांवर आठ हजार पाचशे पन्नास. प्रश्न एका वाक्याने वाढला, पण कच्चं काम जवळपास दुप्पट झालं. याला मिनिटभर हवंच.

किती वेळ द्यायचा हे आयोजकांनी आपल्या अंदाजाने ठरवू नये. ज्याने प्रश्न तयार केला त्याला तो नेहमीच सोपा वाटतो. समितीबाहेरच्या, वर्गात मध्यम चालणाऱ्या दोघांना प्रश्न द्यावा, वाचून झाल्यावर घड्याळ सुरू करावं आणि दोघांपैकी ज्याला जास्त वेळ लागला तो धरावा. स्पर्धेतही हाच नियम हवा: प्रश्न दोनदा वाचून होईपर्यंत घड्याळ थांबलेलं, आणि टाइमकीपर क्विझमास्टरपासून वेगळा. एकाच माणसाने प्रश्न वाचून वेळही पाहिली, तर शेवटचे पाच सेकंद कोणाला लांब आणि कोणाला आखूड मिळतात.

यापेक्षा मोठी चूक ‘पास’च्या पद्धतीत होते. एका संघाला आलं नाही की प्रश्न पुढच्याला. आठवणीच्या प्रश्नाला हे बरोबर आहे. पण आकडेमोडीचा प्रश्न पहिल्या संघाला विचारला जातो तेव्हा बाकीचे पाचही संघ कागदावर गणित सोडवत बसलेले असतात. चौथ्या संघापर्यंत पास येतो तोवर त्यांना दीड मिनिट मिळालेलं असतं. पहिल्या संघाची हार इथे बसण्याच्या जागेमुळे होते. म्हणून अकाउंटन्सी आणि टॅक्सच्या फेऱ्या लेखी घ्याव्यात: सर्व संघांना एकच प्रश्न, उत्तर कागदावर, वेळ संपताच कागद वर. फायनान्सच्या फेरीत पास ठेवावा, कारण तिथे आठवणीचे आणि झटपट अंदाजाचे प्रश्न बसतात. नऊ टक्के चक्रवाढीने पैसे दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं? बहात्तरला नऊने भागा, आठ. ज्याला हा नियम ठाऊक आहे त्याला पाच सेकंद लागतात.

सहा संघ धरून वेळ मोजू. अकाउंटन्सीचे सहा लेखी प्रश्न: वाचन वीस सेकंद, सोडवणं साठ, कागद गोळा करणं वीस, उत्तर समजावणं साठ, मिळून सोळा मिनिटं. फायनान्सचे बारा प्रश्न, प्रत्येक प्रश्न पाचही पास खाऊन गेला तरी पावणेदोन मिनिटं, एकवीस मिनिटं. टॅक्सचे सहा, सोडवायला नव्वद सेकंद आणि समजावायलाही तेवढेच, बावीस मिनिटं. एकूण एकोणसाठ. आधीची वीस प्रश्नांची लेखी चाळणी आणि तिची तपासणी यांना चाळीस मिनिटं लागतात. दोन तासांचा हॉल असेल तर उरलेली वीस मिनिटं वादांसाठी राखून ठेवावीत. ती लागतात, आणि बहुतेक वेळा टॅक्सच्या फेरीत.

का लागतात ते एका प्रश्नावरून कळेल: ‘बारा लाख दहा हजार उत्पन्नावर नव्या पद्धतीने आयकर किती?’ सरळ दिसतो. आर्थिक वर्ष 2025-26 चे दर घेऊ. पहिले चार लाख करमुक्त, पुढच्या चारवर पाच टक्के म्हणजे वीस हजार, त्यापुढच्या चारवर दहा टक्के म्हणजे चाळीस हजार, वरच्या दहा हजारांवर पंधरा टक्के म्हणजे दीड हजार. एक संघ लिहितो 61,500. दुसरा संघ सांगतो की बारा लाखांपर्यंत रिबेटमुळे कर शून्य आहे, त्यामुळे दहा हजार जास्त कमावणाऱ्याला दहा हजारांपेक्षा जास्त कर लागू शकत नाही. ही सीमांत सवलत धरून उत्तर 10,000. तिसरा त्यावर चार टक्के सेस लावतो, 10,400. चौथा म्हणतो, उत्पन्न पगाराचं असेल तर 75,000 ची प्रमाणित वजावट मिळते, करपात्र रक्कम बारा लाखांच्या आत येते, कर शून्य. चौघांनीही काहीतरी बरोबर धरलंय. चूक प्रश्न विचारणाऱ्याची आहे.

प्रश्न असा हवा: ‘आर्थिक वर्ष 2025-26. निवासी व्यक्ती, फक्त धंद्याचं करपात्र उत्पन्न 12,10,000 रुपये, नवी करपद्धती. सेससह देय कर किती?’ आता उत्तर एकच, 10,400. वाचायला दहा सेकंद जास्त लागतात आणि भांडणाची पंधरा मिनिटं वाचतात.

नुसतं वर्ष लिहूनही कधीकधी भागत नाही. शेअर बाजारातल्या नोंदणीकृत शेअरवरच्या दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्याचा दर 23 जुलै 2024 पासून दहावरून साडेबारा टक्के झाला. म्हणजे 2024-25 या एकाच वर्षात दोन बरोबर उत्तरं आहेत; विक्रीची तारीख दिली तरच प्रश्न पूर्ण होतो. त्यातच 1961 च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा 2025 आला, 1 एप्रिल 2026 पासून लागू. त्यात ‘आकारणी वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ आलं आणि कलमांचे क्रमांक बदलले. सीनियरांच्या जुन्या फाइलमधले ‘अमुक सवलत कोणत्या कलमाखाली?’ छापाचे प्रश्न तसेच उचलू नयेत.

माझ्या मते टॅक्सच्या फेरीत एक तरी प्रश्न घरातल्या कागदावरचा असावा. महाराष्ट्रातल्या पगाराच्या स्लिपवर व्यवसाय कर अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे का कापतात? राज्यघटनेच्या 276 व्या कलमाने वर्षाला अडीच हजारांची मर्यादा घातली आहे. अकरा दुणे बावीसशे, वर तीनशे. पालकांची स्लिप पाहिलेल्या मुलालाही हे सुटतं आणि सभागृहाला उत्तर लक्षात राहतं.

बरोबरी झाली तर आणखी फेरी घेऊ नका. एकच आकडा विचारा, जवळचा जिंकेल: आयकर कायदा 2025 मध्ये कलमं किती? उत्तर 536. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी करविषयक प्रत्येक प्रश्न एखाद्या सीएकडून किंवा कर शिकवणाऱ्या सरांकडून, उत्तर न दाखवता, सोडवून घ्या. त्यांचं उत्तर तुमच्याहून वेगळं आलं आणि प्रश्नाचे शब्द सुधारूनही एकमत होत नसेल, तर तो प्रश्न काढून टाका.