नोंदणी आहे, पण पैसा येतो कुठून?

कोल्हारसारख्या गावात नेटवर्क मार्केटिंगचा प्लॅन दाखवायला सहसा अनोळखी माणूस येत नाही. मेव्हणा येतो, बचत गटातली ताई येते, मुलाचे सर येतात. नगर-मनमाड रस्त्यालगतच्या एखाद्या हॉलमध्ये किंवा कुणाच्या ओसरीवर फळा लावून डावी-उजवी बाजू काढली जाते. मग शंका आलीच, तर तिला उत्तर म्हणून कागद पुढे होतात. हे कागद बहुतेक वेळा खरेच असतात. ते काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे मात्र फळ्यावर कुणी लिहीत नाही.

गैरसमज: कंपनी सरकारकडे नोंदलेली आहे, म्हणजे सरकारने तिचा धंदा तपासून मान्य केला आहे.

हा समज चुकीचा असला तरी त्यामागे कारण आहे. गावात खताच्या विक्रीला परवाना लागतो, आणि परवाना म्हणजे कुणीतरी येऊन पाहून गेलं असं आपण धरतो. कंपनीची नोंदणी तशी नसते. कंपनी कायद्याखाली नोंदणी होताना नाव, संचालक, पत्ता आणि भांडवल यांची नोंद होते. लोकांना कमिशन कशातून देणार, याची परीक्षा तिथे होत नाही. मुंबईत दादरला ‘टोरेस’ नावाने दागिन्यांची दुकानं चालवणारी प्लॅटिनम हर्न ही रीतसर नोंदलेली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी होती. मॉइसनाइट खड्यांवर दर आठवड्याला परतावा आणि नवा माणूस आणणाऱ्याला वेगळा लाभ अशी तिची योजना होती. जानेवारी २०२५ मध्ये पैसे थांबले आणि दुकानासमोर गर्दी जमली, तेव्हाही नोंदणीचा दाखला खोटा नव्हता.

तरीही नोंदणी तपासावी, कारण ती खोटेपणा उघड करते. mca.gov.in वर View Company or LLP Master Data मध्ये कंपनीचं नाव किंवा सीआयएन क्रमांक टाकला की तिची स्थिती, नोंदणीकृत पत्ता आणि संचालकांची नावं दिसतात. सीआयएन एकवीस अक्षर-अंकांचा असतो. त्यातलं नववं ते बारावं स्थान म्हणजे नोंदणीचं वर्ष, आणि त्याआधीची दोन अक्षरं म्हणजे राज्य, महाराष्ट्रासाठी MH. ‘आमची कंपनी पंधरा वर्षं जुनी आहे’ असं सांगितलं जात असेल आणि क्रमांकात २०२४ असेल, तर पुढचं ऐकताना सावध राहायला एवढं पुरेसं आहे. स्थितीपुढे Strike Off असेल तर त्या कंपनीचं नाव नोंदवहीतून काढलेलं आहे. पावतीवरचं नाव आणि नोंदीतलं नाव अक्षरशः एकच आहे का, हेही पाहावं. एका नावाने दाखला दाखवायचा आणि पैसे दुसऱ्याच फर्मच्या खात्यात घ्यायचे, हा प्रकार तिथेच पकडता येतो.

गैरसमज: डायरेक्ट सेलिंगचं वेगळं सरकारी प्रमाणपत्र आहे, त्यामुळे प्रश्नच मिटला.

ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम २८ डिसेंबर २०२१ रोजी अधिसूचित झाले. आपण नियम पाळतो आणि पिरॅमिड किंवा पैसा-फिरवणुकीच्या योजनेत नाही, असं स्वयंघोषणापत्र कंपनीने द्यावं, असं त्यात आहे. घोषणा कंपनीची स्वतःची असते. ती सरकारचा निर्वाळा ठरत नाही. गोंधळ वाढण्याचं आणखी एक कारण म्हणजे २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर कंपन्यांनी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे हमीपत्रं दिली आणि हमीपत्र दिलेल्यांच्या याद्या फिरू लागल्या. त्या यादीतलं नाव सभेत ‘भारत सरकार मान्यताप्राप्त’ होऊन येतं.

नियमांचा उपयोग वेगळ्या रीतीने होतो. कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क हवा, तक्रारीला क्रमांक मिळायला हवा, विक्रेत्याशी लेखी करार हवा, आणि दंड न भरता करार मोडण्याची मुदत हवी. सामील होण्यासाठी प्रवेश शुल्क घेता येत नाही. आणखी एक तरतूद फळ्यासमोर बसलेल्याने लक्षात ठेवावी अशी आहे: पुढचे ग्राहक आणून दिलेस की तुझी किंमत वसूल होईल, असं सांगून वस्तू घ्यायला लावण्यास या नियमांनी मनाई केली आहे. ‘दोन माणसं जोड, तुझे पैसे निघाले’ हे वाक्य ज्या सभेत ऐकू येतं, तिथे नियमभंग समोरच चाललेला असतो.

गैरसमज: जीएसटी भरते, टीडीएस कापते, म्हणजे धंदा कायदेशीर.

कर उत्पन्नावर आणि उलाढालीवर लागतो. तो भरल्याने योजना शुद्ध होत नाही. एफएसएसएआयचा क्रमांक खाद्यपदार्थाच्या व्यवसायापुरता असतो, कमिशनच्या आराखड्याशी त्याचा काही संबंध नाही. gst.gov.in वरच्या Search Taxpayer मध्ये क्रमांक टाकून नाव, नोंदणीची तारीख आणि विवरणपत्रं वेळेवर भरली आहेत का, एवढं पाहता येतं. टीडीएस कापल्याचं सांगत असतील तर तो स्वतःच्या २६एएस विवरणात दिसायला हवा. दिसत नसेल तर कापलेला पैसा सरकारकडे पोचला का, अशी शंका घ्यावी.

गैरसमज: पैशाच्या बदल्यात वस्तू हातात मिळते, म्हणून ही साखळी योजना नव्हे.

हा सगळ्यात पक्का समज, आणि सगळ्यात समजण्यासारखा. फसवणूक म्हणजे पैसे घेऊन काहीच न देणं, असं आपण मानतो. इथे तर डबा मिळतो, बाटली मिळते, बिलही मिळतं. पण १९७८ च्या प्राइज चिट्स आणि मनी सर्क्युलेशन योजना (बंदी) कायद्याचा प्रश्न वेगळा आहे: पैसे देण्याचं वचन सभासदांच्या भरतीवर अवलंबून आहे का? क्यूनेट या नेटवर्क मार्केटिंग कंपनीच्या प्रकरणात काचेच्या ‘बायोडिस्क’पासून सहलींच्या पॅकेजपर्यंत बऱ्याच वस्तू आणि सेवा होत्या. तरीही मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यातील काही आरोपींना अटकपूर्व जामीन नाकारला आणि ‘जास्त विका, जास्त कमवा’ या घोषणेआड काय दडलं आहे यावर कठोर शब्दांत लिहिलं. तो खटल्याचा अंतिम निकाल नव्हता, पण वस्तू आहे एवढ्याने प्रश्न सुटत नाही, हे त्यातून दिसतं.

एक आराखडा मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. पॅकेज ८,००० रुपयांचं. डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी जोडी लागली की १,००० रुपये. कोल्हारमध्ये एकाने दोघे जोडले, त्यांनी प्रत्येकी दोन, असं करत पाच पायऱ्या पूर्ण भरल्या, तर माणसं होतात ३१ आणि गोळा होतात २,४८,००० रुपये. सर्वांत वरच्याच्या १५ जोड्या लागतात, त्याखालच्या दोघांच्या प्रत्येकी ७, मग चौघांच्या ३, आठ जणांची १, आणि शेवटच्या सोळांची एकही नाही. एकूण ४९ जोड्या, म्हणजे ४९,००० रुपये वाटले. बाजारात डब्याची किंमत २,००० धरली तर ३१ डब्यांचे ६२,००० झाले. उरलेले १,३७,००० कंपनीकडे राहतात. घातलेले ८,००० रोख परत मिळवणारा माणूस एकतीसांत एकच. दुसऱ्या पायरीवरचे दोघेही सात हजारांवर अडकतात. वाटलेल्या पैशातला एकही रुपया बाहेरच्या गिऱ्हाइकाकडून आलेला नाही. तो शेजाऱ्याच्या पॅकेजमधून आला आहे.

म्हणून तपासणी वस्तूपासून सुरू करावी, पण वस्तूवर थांबू नये. तोच डबा कोल्हार किंवा लोणीच्या किराणा दुकानात त्याच किमतीला ठेवला, तर सभासद नसलेलं कुणी तो घेईल का? वर्षभर जोडलेल्या माणसाकडे सभासद नसलेल्या गिऱ्हाइकांची बिलं मागावीत. त्याच्या कमाईच्या विवरणात पहिल्या पॅकेजमधून आलेली रक्कम किती आणि ‘रिपर्चेस’मधून, म्हणजे पुन्हापुन्हा झालेल्या खरेदीतून आलेली किती, हे वेगळं करून पाहावं. इथेच चलाख आराखडे लपतात. कागदावर ‘भरती’ हा शब्द नसतो. ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ असतं, ‘पॉइंट’ असतात. पण पहिल्या पॅकेजला भरघोस पॉइंट आणि महिन्याच्या साबण-तेलाला नाममात्र, असं असेल तर पैसा माणसं आणण्याचाच आहे. महिन्याची ठरावीक खरेदी केली नाही तर कमिशन बंद, अशी अट असेल तर रिपर्चेसचा आकडाही फसवा असू शकतो, कारण तो माल गरजेपोटी नव्हे तर ‘आयडी’ चालू ठेवण्यासाठी घेतलेला असतो.

गैरसमज: आधी येणाऱ्याला तरी फायदा होतोच, आणि आपण आधी आहोत.

प्रत्येक सभेत समोरच्याला हेच वाटतं, कारण त्याच्या डोळ्यांसमोर फळ्यावर सर्वांत वर त्याचंच नाव लिहिलेलं असतं. त्याच्या वरच्या पायऱ्या फळ्यावर नसतात. वरचाच आराखडा दहा पायऱ्यांपर्यंत नेला तर माणसं होतात १,०२३. त्यांपैकी ८,००० परत मिळवणारे ६३, आणि शेवटच्या पायरीवरच्या ५१२ जणांना शून्य. त्या ५१२ जणांची प्रत्येकी एक जोडी लागायची तर आणखी १,०२४ नवी माणसं हवीत. कोल्हारचा माणूस आधी घरात विचारतो, मग भावकीत, मग राहाता आणि श्रीरामपूरच्या पाहुण्यांत. तिथे त्याला कळतं की पाहुण्यांनाही कुणीतरी जोडून गेलं आहे.

गैरसमज: मग माणसं जोडणारी प्रत्येक कंपनी फसवीच.

नाही. २०२१ चे नियम विक्रेत्यांचं अनेक पातळ्यांचं जाळं मान्य करतात. खालच्या विक्रेत्याने खऱ्या गिऱ्हाइकाला माल विकला आणि त्या विक्रीतून वरच्याला हिस्सा मिळाला, तर ती विक्रीचीच कमाई झाली. अशा ठिकाणी न विकलेला माल परत घेण्याची स्पष्ट अट असते, आणि एकही माणूस न जोडता नुसता माल विकून किती मिळेल, याचं सरळ उत्तर मिळतं. ‘विकायची गरजच नाही’ असं सांगणाऱ्याने आपल्या योजनेचं उत्तर दिलेलं असतं.

गैरसमज: आपण फक्त ओळख करून दिली, जबाबदारी कंपनीची.

१९७८ च्या कायद्याचं तिसरं कलम योजना चालवणाऱ्यापुरतं थांबत नाही. त्यात सभासद म्हणून नाव नोंदवणं आणि सहभागी होणंही निषिद्ध आहे, आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फसलेला माणूस बहुधा गप्प राहतो, कारण त्याने स्वतःही चार जण जोडलेले असतात. या गप्प बसण्यात कागद हरवतात. पावती, बँकेतून पैसे गेल्याची नोंद, आयडीच्या पानाचे फोटो, सभेची निमंत्रणं आणि करार मोडल्याचं लेखी पत्र जपून ठेवावं. कंपनीकडे तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. माल आणि परताव्याच्या वादासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पैसा भरतीतूनच फिरत असल्याचं दिसत असेल तर जागा पोलीस ठाण्याची, आणि तिथे जोडलेल्या चौघांनाही सोबत घेऊन जावं.